यादी उघडी की बंद? e.g. आणि i.e. लिहिण्याआधी

इंग्रजीत अर्ज, अहवाल, प्रबंध किंवा ऑफिसची ईमेल लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या हातून दोन लघुरूपं सारखी लिहिली जातात: e.g. आणि i.e. दोन्ही लॅटिन. पहिल्याचं पूर्ण रूप ‘एक्झेम्प्ली ग्रातिआ’, दुसऱ्याचं ‘इद एस्ट’. पहिल्याचा अर्थ ‘उदाहरणासाठी’, दुसऱ्याचा ‘ते असं आहे’. लिहिताना दोन्ही कंसात येतात, दोन्हींच्या पुढे काही शब्दांची रांग लागते, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पण वाचकाला दिलेला निरोप मात्र अगदी उलटा असतो. e.g. सांगतं की पुढे येणारी यादी उघडी आहे, यातले मी एक-दोनच घेतले, बाकीचे तुम्ही समजून घ्या. i.e. सांगतं की यादी बंद आहे, मला म्हणायचं होतं ते हेच आणि एवढंच.

e.g. लक्षात ठेवायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. आपल्या ‘उदाहरणार्थ’ या शब्दाची घडण तीच आहे: ‘एक्झेम्प्ली’ म्हणजे उदाहरणाच्या, ‘ग्रातिआ’ म्हणजे साठी. जिथे मराठीत सहज ‘उदा.’ लिहिलं असतं तिथे e.g. बसतं. घोळ होतो तो i.e. पाशी, आणि त्याचं कारण मला आपल्या ‘म्हणजे’ या शब्दात दिसतं. हा शब्द बोलण्यात दोन्ही कामं करतो. ‘आधुनिक महाराष्ट्राची उपराजधानी म्हणजे नागपूर’ असं आपण म्हणतो तेव्हा यादी बंद असते, दुसरी उपराजधानी नाही. पण ‘कडधान्यं म्हणजे मूग, मटकी, चवळी’ असंही आपण तितक्याच सहजपणे म्हणतो, आणि ऐकणारा काही वाल-हरभऱ्याला कडधान्यांतून बाहेर काढत नाही. बोलण्यात हे चालतं, कारण आवाज शेवटी थोडा उघडा राहतो, हाताची खूण होते, नाहीतर समोरचा लगेच विचारतो. हेच वाक्य इंग्रजीत उतरवताना मनातल्या ‘म्हणजे’च्या जागी बोटं आपोआप i.e. टाइप करतात आणि उघडी यादी कागदावर बंद होऊन बसते.

कोकणाचं उदाहरण घ्या. ‘कोकण विभागातले जिल्हे, i.e. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग’ असं एखाद्या अहवालात लिहिलं, तर ते चूक आहे. प्रशासकीय कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड हेही जिल्हे येतात. लिहिणाऱ्याच्या मनात ‘उदाहरणादाखल दोन’ असतील, पण i.e. ने पाच जिल्हे विभागाबाहेर काढले. त्याच जागी e.g. असतं तर वाक्य खरं ठरलं असतं. आणि हा अहवाल एखाद्या योजनेचा असेल, तर पालघरच्या वाचकाला ही योजना आपल्यासाठी नाहीच असं वाटायला तेवढं एक लघुरूप पुरे.

कोणतं लघुरूप घ्यायचं हे ठरवायला मी दोन कसोट्या लावून पाहते. पहिली म्हणजे यादीच्या शेवटी मनातल्या मनात ‘एवढंच, आणखी काही नाही’ असं म्हणून पाहायचं. वाक्य खरं राहिलं तर i.e., खोटं झालं तर e.g. दुसरी कसोटी जरा खोल जाते. लघुरूपाच्या आधीचा भाग पुसून टाका आणि फक्त नंतरचा ठेवा. अर्थ तोच राहिला तर i.e. बरोबर आहे, कारण दोन्ही बाजूंना एकच गोष्ट आहे. ‘उपराजधानीत अधिवेशन भरेल’ आणि ‘नागपूरला अधिवेशन भरेल’ यांत अर्थाचा फरक नाही. पण ‘कोकण विभागातल्या जिल्ह्यांना मदत मिळेल’ मधला आधीचा भाग पुसून ‘रत्नागिरी आणि सिंधुदुर्गला मदत मिळेल’ एवढंच ठेवलं, तर मदत आक्रसली. तिथे e.g. हवं.

याच कसोटीतून एक सवयही मोडता येते, ती म्हणजे शेवटी etc. जोडण्याची. e.g. लिहिलं की यादी उघडी असल्याचं सांगून झालं. शेवटी पुन्हा etc. लावणं ही द्विरुक्ती, आपल्या ‘उदा. मूग, मटकी इ.’ सारखी. त्यात वाया जातात ती तीन अक्षरं, बाकी नुकसान नाही. i.e. नंतरचं etc. मात्र खरोखर घातक असतं. i.e. यादी बंद करतं आणि etc. तीच पुन्हा उघडतं, मग वाचकाला कळत नाही की लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं. कुणाच्या मसुद्यात ही जोडी दिसली, की दोनांपैकी एक खोडून पुढे जाऊ नये. लिहिणाऱ्यालाच विचारावं, कारण तिथे त्याचा निर्णयच झालेला नसतो.

इथपर्यंतचं सगळं व्याकरणाच्या पुस्तकात कमी-जास्त फरकाने मिळेल. त्यापुढची एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही, आणि लघुरूप ठेवायचं की पूर्ण लिहायचं हे माझ्या मते तिच्यावरच ठरतं. e.g. वाचकाकडून काम मागतं. दिलेल्या दोन-तीन नमुन्यांवरून उरलेली यादी त्याने स्वतः पुरी करायची असते. ती त्याला करता येत असेल तरच e.g. ला अर्थ आहे.

रुग्णालयातून घरी सोडताना हातात देतात त्या कागदाचा विचार करा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या रुग्णाला एका विशिष्ट गटाची वेदनाशामकं टाळायला सांगायची आहेत. हा गट डॉक्टर ‘एनएसएआयडी’ या नावाने ओळखतात. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन अशी औषधं येतात. समजा कागदावर लिहिलं, ‘एनएसएआयडी (i.e. आयब्युप्रोफेन) घेऊ नका.’ ही सरळ चूक. रुग्ण आयब्युप्रोफेन टाळेल आणि गुडघा दुखला की डायक्लोफेनॅकची गोळी घेईल, कारण कागदाने त्याला सांगितलं आहे की गट म्हणजे ते एकच औषध. मग i.e. काढून e.g. घातलं. आता वाक्य बरोबर झालं. हाच कागद दुसऱ्या डॉक्टरने वाचला तर त्याला सगळं समजेल, कारण गट त्याला पाठ आहे आणि एका नावावरून बाकीची नावं त्याला सुचतात. रुग्णाचं मात्र काहीच सुधारलं नाही. ‘आयब्युप्रोफेनसारखी’ म्हणजे कुठली, हे त्याने कुठल्या आधारावर ओळखायचं? रंगावरून, किमतीवरून, की डोकेदुखीवर चालतं यावरून? डोकेदुखीवर तर पॅरासिटामॉलही चालतं, आणि ते या गटात नाही. म्हणजे व्याकरणाने निर्दोष असलेलं e.g. इथे निरुपयोगी आहे. त्याच्या जागी ‘फॉर एक्झाम्पल’ असं पूर्ण लिहिलं तरी फरक पडत नाही, कारण अडचण लॅटिनमध्ये नाही. रुग्णासाठी लिहायचं तर नावांची सलग यादी द्यावी लागते आणि खाली एक वाक्य, की यात नसलेली कुठलीही वेदनाशामक गोळी घेण्याआधी औषध दुकानातल्या फार्मासिस्टला किंवा डॉक्टरला विचारा.

म्हणून लघुरूपाचा प्रश्न आला की मी आधी वाचक कोण ते पाहते, मग शब्द. यादी स्वतः वाढवू शकणारा वाचक असेल तर e.g. चालेल. न वाढवू शकणारा असेल तर पूर्ण यादी हवी, किंवा गटाची हद्द अशा शब्दांत हवी की त्यालाच ठरवता येईल.

यादी बंद की उघडी यावर माणसं न्यायालयापर्यंत जातात. भारतातला एक निकाल या बाबतीत फार बोलका आहे. १९५६च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यातलं कलम १४ काही माल ‘आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्वाचा’ ठरवत होतं, आणि कलम १५ राज्यांना सांगत होतं की अशा मालावर एकापेक्षा जास्त टप्प्यांवर कर लावू नका. कलम १४ मध्ये ‘लोखंड आणि पोलाद’ असा एक प्रकार होता. त्यापुढे इंग्रजी मजकुरात ‘दॅट इज टू से’ असे शब्द होते, म्हणजे पूर्ण लिहिलेलं i.e., आणि मग उपप्रकारांची यादी: लोखंडाचं भंगार, पोलादाच्या सळ्या, पत्रे वगैरे. तमिळनाडूतल्या व्यापाऱ्यांनी भंगारापासून बनवलेल्या सळ्या, पट्ट्या अशा वस्तू विकल्या होत्या. भंगारावर एकदा कर भरला गेला होता. त्यांचं म्हणणं असं, की भंगार काय आणि सळई काय, दोन्ही लोखंड-पोलादच. माल एकच आहे, तेव्हा त्यावर दुसऱ्यांदा कर नको. उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली, ‘तमिळनाडू राज्य विरुद्ध प्यारेलाल मल्होत्रा’ या प्रकरणात, ते फिरवलं.

न्यायमूर्ती बेग यांच्या निकालपत्रातला युक्तिवाद आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. त्यांनी म्हटलं, की ‘दॅट इज टू से’ हे शब्द सर्वसाधारणपणे अर्थ स्पष्ट करून तो पक्का करण्यासाठी वापरतात. अर्थ वाढवायचा असेल तर कायदा सहसा ‘समाविष्ट आहे’ या अर्थाचा शब्द घेतो. म्हणून त्या शब्दांपुढची यादी नमुन्यादाखल दिलेली नसून, करासाठी मालाचे जे वेगवेगळे प्रकार धरायचे त्यांची ती संपूर्ण मोजदाद आहे. यादीतलं भंगार हा एक माल, सळई हा दुसरा. भंगाराची सळई झाली की नवा माल झाला, आणि त्याच्यावर वेगळा कर लागू शकतो. व्यापाऱ्यांच्या अंगावर कराचा बोजा आला तो लोखंडाच्या गुणधर्मामुळे नव्हे, यादीच्या तोंडाशी असलेल्या त्या चार शब्दांमुळे.

त्याच निकालपत्रात एक अपवादही नोंदवलेला आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. क्वचित, संदर्भ तसा असेल तर, या शब्दांनंतर नमुन्यादाखल उदाहरणंही येऊ शकतात. म्हणजे लघुरूप सोडून पूर्ण इंग्रजी शब्द लिहिले, तेही कायद्याच्या मसुद्यात, तरी यादी उघडी की बंद याबद्दल शंकेला थोडी जागा उरतेच. करारनामा किंवा निविदेच्या अटी लिहिणाऱ्याने म्हणून i.e. वरही विसंबू नये आणि ‘दॅट इज’ वरही. यादी बंद असेल तर ‘फक्त खालील’ अशा अर्थाचे शब्द घालावेत. उघडी असेल तर ‘यांसह, पण एवढ्यापुरतं मर्यादित नाही’ हे उघड लिहावं. वाक्य लांबतं, पण वाद झाला तर ती लांबीच उपयोगी पडते. आपल्याकडच्या सरकारी आणि कायदेशीर इंग्रजीत दिसणारं viz. हे तिसरं लॅटिन लघुरूप याच कामाचं. ते ‘नावानिशी सांगायचं तर’ अशा अर्थाने येतं आणि यादी बंद करतं. आज त्याऐवजी साधं अपूर्णविराम चिन्ह पुरतं.

लघुरूप कधी सोडावं याबद्दल सर्वांत स्पष्ट भूमिका ब्रिटिश सरकारच्या GOV.UK या संकेतस्थळाने घेतली. त्यांच्या लेखनशैलीत आधी ही लघुरूपं टिंबांशिवाय लिहायची पद्धत होती, eg आणि ie अशी. २०१६ साली त्यांनी ती हळूहळू काढून टाकायचं ठरवलं. कारणं तीन होती. इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही अशा अनेकांना ही लघुरूपं माहीत नसतात. ज्यांना माहीत असतात तेही घाईत किंवा ताणात वाचताना अडखळतात. आणि दृष्टिहीन वाचक ज्या सॉफ्टवेअरने पडद्यावरचा मजकूर ऐकतात, त्यांतली काही सॉफ्टवेअर eg चा उच्चार ‘एग’ करत होती. टिंबं देऊन e.g. लिहिलं तर उच्चार सुधारतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी टिंबं न वाढवता ‘फॉर एक्झाम्पल’, ‘सच अ‍ॅज’, ‘इन्क्लूडिंग’ यांपैकी जागेला शोभेल ते लिहायला सांगितलं, आणि ie च्या बाबतीत तर आधी वाक्यच असं बदलून पाहा की त्याची गरज उरणार नाही, असा सल्ला दिला. हा शेवटचा सल्ला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तांत्रिक मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांसाठीच्या मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या शैलीपुस्तिकाही ही दोन्ही लघुरूपं टाळायला सांगतात.

वाक्य बदलून पाहण्याचा सल्ला का चांगला, ते i.e. कडे जरा निरखून पाहिलं की कळतं. i.e. च्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट असते, असं वर म्हटलं. मग दोनदा का सांगायची? बहुतेक वेळा पहिल्यांदा अवघड शब्द येतो आणि i.e. नंतर सोपा. वाचकाला सोपा कळणार असेल तर अवघड शब्द आणि i.e. दोन्ही पुसून टाकता येतात. ‘उच्च रक्तदाब, i.e. ब्लडप्रेशर’ असं रुग्णासाठी लिहिण्यात काही मिळत नाही, त्याला हवा तो शब्द ठेवा. दोन्ही ठेवायचे ते एकाच कारणासाठी: अवघड शब्द पुढे पुन्हा येणार आहे आणि वाचकाला तो शिकवायचा आहे. अशा वेळी व्याख्या पूर्ण वाक्यात द्यावी, कंसात कोंबू नये. माझ्या पाहण्यातल्या मसुद्यांमध्ये i.e. ची बहुतेक ठिकाणं अशी निघतात की त्याच्या जागी काहीच लिहावं लागत नाही.

शोध-आणि-बदल चालवून लघुरूपं एका फटक्यात काढण्याचा मोह म्हणूनच आवरावा. ‘फॉर एक्झाम्पल’ वाक्यात आलं की त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम लागतात, ‘सच अ‍ॅज’ला बहुतेक वेळा मागे एकही लागत नाही, आणि ‘दॅट इज’ कंसाशिवाय वाक्याच्या मध्येच आलं तर वाचक त्याला क्रियापद समजून अडखळतो. प्रत्येक जागा वाचूनच बदलावी लागते.

एक छोटी सूचना पुरी करून पाहू. भरती किंवा प्रवेशाच्या वेळी लावतात तशी ही सूचना आहे:

```
Bring a photo ID (i.e., Aadhaar card, PAN card, etc.).
```

या एका ओळीत तिन्ही दोष आहेत. i.e. सांगतं की दोनच कागद चालतील, etc. सांगतं की आणखीही चालतील, आणि आणखी कुठले हे कुणीच सांगत नाही. पासपोर्ट घेऊन आलेल्या उमेदवाराला दारावरचा माणूस आत सोडेल की परत पाठवेल, हे त्या दिवशी दारावर कोण उभं आहे यावर ठरेल. सुधारण्याआधी शब्दांकडे न पाहता ज्याने सूचना काढली त्याला एकच गोष्ट विचारायची: तुम्हाला नक्की कुठले कागद चालतात? तो म्हणाला, आमच्या नियमात तीनच आहेत, तर सूचना अशी होते:

```
Bring one of these: Aadhaar card, PAN card or passport.
We cannot accept any other document.
```

लघुरूप गेलं, कंस गेला, आणि ‘यांपैकी एक’ हेही स्पष्ट झालं. मूळ ओळीत ‘आणि’ही नव्हतं, ‘किंवा’ही नव्हतं, त्यामुळे काही जण दोन्ही कार्डं शोधत बसले असते. तो म्हणाला, सरकारने दिलेलं कुठलंही फोटो असलेलं ओळखपत्र चालेल, तर:

```
Bring any photo ID issued by the government,
such as a passport or a driving licence.
```

इथे काम कोण करतं ते पाहा. उदाहरणं फक्त मदतीला आहेत. हद्द आखली आहे ती ‘सरकारने दिलेलं, फोटो असलेलं’ या शब्दांनी. कॉलेजचं किंवा कंपनीचं ओळखपत्र चालणार नाही हे वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं, आणि दारावरच्या माणसालाही. वेदनाशामकांच्या कागदात हीच हद्द रुग्णाला कळेल अशा शब्दांत आखता येत नव्हती, म्हणून तिथे पूर्ण यादी लागली. उघडी यादी लिहायची असेल तर गटाचं वर्णन इतकं घट्ट हवं, की उदाहरणं झाकली तरी वाक्य चालेल.

मग ही लघुरूपं ठेवायची कुठे? प्रबंधात आणि शोधनिबंधात त्यांना अजून जागा आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र वगैरे विषयांत चालणारी एपीए शैली सांगते, की e.g. आणि i.e. फक्त कंसातल्या मजकुरात वापरा. कंसाबाहेर, वाहत्या वाक्यात इंग्रजी शब्द पूर्ण लिहा. शिकागो शैलीचाही कल तसाच आहे, कंस आणि टिपा सोडून मुख्य मजकुरात पूर्ण शब्द बरे. याला कारण आहे. कंसात वाचकाची नजर आधीच आखूड, बाजूच्या माहितीसाठी तयार असते, तिथे लघुरूप खटकत नाही. कोष्टकाच्या अरुंद रकान्यात, तळटिपेत, आकृतीच्या मथळ्याखाली तर जागाच नसते. बाकी नियम थोडक्यात: तिरपा ठसा नको, कारण हे शब्द इंग्रजीत रुळलेले आहेत, दोन अक्षरांच्या मध्ये जागा सोडायची नाही, वाक्याची सुरुवात यांनी करायची नाही. अमेरिकन पद्धतीत दोन्हींच्या नंतर स्वल्पविराम येतो, ब्रिटिश पद्धतीत साधारणतः येत नाही, आणि काही ब्रिटिश वृत्तपत्रं टिंबंही देत नाहीत. यातली कुठलीही पद्धत धरा, पण एका प्रबंधात एकच.

लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रबंध लिहिणाऱ्यांना त्या स्वल्पविरामाचा एक आडवा फायदा होतो. लाटेक लहान अक्षरानंतरचं टिंब पाहून वाक्य संपलं असं समजतं आणि पुढची मोकळी जागा थोडी वाढवतं. e.g. नंतर स्वल्पविराम नसेल, तर छापील पानावर तिथे एक फट दिसते. स्वल्पविराम असला की ती पडत नाही. ब्रिटिश पद्धतीने स्वल्पविराम द्यायचा नसेल, तर उलटी तिरकी रेघ आणि जागा असं लिहून लाटेकला सांगावं लागतं, की वाक्य संपलेलं नाही:

```
pulses (e.g., moong)
pulses (e.g.\ moong)
```

मराठी मजकुरात मात्र e.g. किंवा i.e. आणण्याचं काहीच कारण नाही. e.g. साठी ‘उदा.’ आहे, आणि वरचे नियम त्यालाही लागू पडतात. कंसात, कोष्टकात ‘उदा.’ ठीक, वाहत्या वाक्यात, विशेषतः जे मोठ्याने वाचलं जाणार आहे अशा भाषणात किंवा निवेदनात, ‘उदाहरणार्थ’ पूर्ण लिहावं. त्याहूनही चांगलं म्हणजे ‘मूग-मटकीसारखी कडधान्यं’ असं लिहावं, मग वेगळा शब्दच लागत नाही. i.e. साठी मराठीत लघुरूप नाही हे एका परीने बरंच आहे. अनुवाद करताना i.e. दिसलं, की ‘म्हणजे’ऐवजी ‘म्हणजेच’ लिहावं. बोलण्यात उघडी राहणारी यादी तो ‘च’ बंद करतो. कायद्याचा किंवा अटींचा मजकूर असेल तर ‘म्हणजे केवळ’ असंही लिहायला कचरू नये.

मसुदा हातावेगळा करण्याआधी ही सगळी ठिकाणं एकदा शोधून काढणं सोपं आहे. टिंबांसह आणि टिंबांशिवाय, दोन्ही रूपं एकाच शोधात सापडतात. लिनक्सवर फाइलचं नाव thesis.tex असेल तर:

```
grep -nEi '\b(e\.?g|i\.?e)\b' thesis.tex
```

ओळींच्या क्रमांकांसह यादी येते. ती वरपासून वाचत जाताना आधी i.e. ची ठिकाणं घ्यावीत, कारण चुका तिथेच जास्त सापडतात, आणि प्रत्येक ठिकाणी ‘एवढंच’ म्हणून पाहावं. खोटं ठरलं तर तिथे e.g. हवं होतं. खरं ठरलं तर आधीचा भाग पुसून टाकता येतो का ते पाहावं. मग e.g. ची ठिकाणं घ्यावीत: मागे-पुढे etc. असेल तर ते काढावं, कंसाबाहेर असेल तर पूर्ण शब्द लिहावा, आणि ज्या परिच्छेदातून वाचकाला काही करायचं आहे, म्हणजे अर्ज भरायचा आहे, औषध घ्यायचं आहे, कागद आणायचे आहेत, तिथे यादी तो स्वतः पुरी करू शकेल का हे तपासावं. एवढं झाल्यावर पुन्हा शोध चालवला, की उरलेली लघुरूपं बहुतेक कोष्टकांत आणि टिपांत दिसतात. तिथे ती राहू द्यायला हरकत नाही.